बॅरोमीटरच्या वाचनावरून गेज, निरपेक्ष आणि निर्वात दाब काढण्याची पद्धत

द्रवस्थितिशास्त्राची उदाहरणे सोडवू लागलेल्या विद्यार्थ्याला दाबाचे सूत्र सहसा अडवत नाही. घनता, गुरुत्वीय त्वरण आणि खोली यांचा गुणाकार तो बिनचूक करतो, पण उत्तर हाती आल्यावर तो दाब गेज आहे की निरपेक्ष, आणि उदाहरणात दिलेले बॅरोमीटरचे वाचन त्यात मिळवायचे की त्यातून वजा करायचे, या प्रश्नापाशी तो थांबतो. पुष्कळ जण अशा वेळी ‘गेज असेल तर मिळवा, निर्वात असेल तर वजा करा’ एवढा नियम पाठ करतात. नियम चुकीचा नाही. परंतु उदाहरणाचे शब्द थोडे बदलले की तो निसटतो, कारण त्यामागचे चित्र डोळ्यांसमोर नसते. म्हणून या लेखात आधी ते चित्र उभे करू, आणि मग वाफेच्या कंडेन्सरचे एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. कंडेन्सर निवडण्याचे कारण असे की, त्यात दाब इतका कमी असतो की बॅरोमीटरच्या वाचनातली छोटी चूकसुद्धा उत्तराचा मोठा भाग खाऊन टाकते.

आधी शून्य कोठे आहे ते ठरवा

दाब मोजणारे बहुतेक साधन एकच काम करते: ते दोन दाबांमधला फरक दाखवते. बूर्दाँ गेज घ्या. युजीन बूर्दाँ या फ्रेंच तंत्रज्ञाने १८४९ मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या या गेजमध्ये धातूची एक वाकवलेली, चपट्या छेदाची नळी असते. नळीच्या आत मोजायचा दाब येतो आणि नळीच्या बाहेर, म्हणजे गेजच्या डबीत, भोवतालची हवा असते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढला की नळी सरळ होऊ पाहते आणि काटा फिरतो. आतला आणि बाहेरचा दाब सारखाच असेल तर नळी वाकलेली होती तशीच राहते आणि काटा शून्यावर थांबतो. याचा अर्थ, काटा शून्यावर असताना नळीत दाब नसतो असे नाही. नळीत पूर्ण वातावरणीय दाब असतो. गेजचे शून्य म्हणजे भोवतालच्या हवेचा दाब.

बॅरोमीटरचे शून्य मात्र वेगळे आहे. टॉरिचेल्लीने १६४४ मधील एका पत्रात ज्याचे वर्णन केले, तो प्रयोग आठवा. एका बाजूने बंद असलेली लांब काचेची नळी पाऱ्याने भरायची, उघडे तोंड बोटाने दाबून ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी करायची आणि बोट काढून घ्यायचे. नळीतला पारा थोडा खाली उतरून थांबतो आणि त्याच्या वर रिकामी जागा राहते. त्या जागेत पाऱ्याची किंचित वाफ असते, पण नेहमीच्या तापमानाला तिचा दाब एका पास्कलपेक्षाही कमी असल्यामुळे ती जागा संपूर्ण पोकळी मानायला हरकत नाही. भांड्यातल्या पाऱ्यावर हवा दाबत आहे आणि नळीच्या टोकाला काहीच दाबत नाही. या दोहोंमधला फरक म्हणजे पाऱ्याच्या स्तंभाची उंची. म्हणजे बॅरोमीटरसुद्धा फरकच दाखवतो, फक्त तो फरक संपूर्ण पोकळीपासून मोजलेला असतो. म्हणूनच त्याचे वाचन हा निरपेक्ष दाब आहे.

आता त्याच भांड्यात दुसरी एक नळी उभी करा, पण तिचे वरचे टोक बंद न करता ते कंडेन्सरला जोडा. कंडेन्सरमध्ये वाफ थंड होऊन पाणी होते, त्यामुळे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ कमी असतो आणि या नळीतही पारा वर चढतो. मात्र तो बॅरोमीटरमधल्या पाऱ्याएवढा वर चढत नाही, कारण कंडेन्सरमध्ये जी काही वाफ आणि हवा शिल्लक आहे ती त्याला वरून थोडी दाबून धरते. दोन्ही नळ्या शेजारी उभ्या आहेत असे समजा. बॅरोमीटरच्या नळीतला पारा ७१० मिलिमीटरवर आहे आणि कंडेन्सरच्या नळीतला ६६५ मिलिमीटरवर. पहिली उंची म्हणजे वातावरणीय दाब. दुसरी उंची म्हणजे निर्वात दाब, अर्थात कंडेन्सरमधला दाब वातावरणापेक्षा जितका कमी आहे तेवढी तूट. आणि दोन पाऱ्यांच्या टोकांमध्ये जे अंतर दिसते, ते ४५ मिलिमीटर, म्हणजे कंडेन्सरमधला निरपेक्ष दाब. ज्याला हे अंतर डोळ्यांसमोर दिसते, त्याला वजाबाकीचा नियम पाठ करावा लागत नाही.

पायऱ्या आणि त्यांचा क्रम

वहीत सोडवताना पहिली पायरी चित्राची असावी. एक उभी रेघ काढावी. तळाशी ‘निरपेक्ष शून्य’ लिहावे, वर एका ठिकाणी आडवी रेघ मारून तिला ‘वातावरण, ७१०’ असे नाव द्यावे. ही आडवी रेघ म्हणजे गेजचे शून्य. मोजायचा दाब या रेघेच्या वर असेल तर रेघेपासून त्याच्यापर्यंतचे अंतर हा गेज दाब होय, आणि खाली असेल तर ते अंतर हा निर्वात दाब होय. तळापासूनचे अंतर हा नेहमी निरपेक्ष दाब असतो. या चित्रावरून पुढील दोन समीकरणे मिळतात:

निरपेक्ष दाब = वातावरणीय दाब + गेज दाब

निरपेक्ष दाब = वातावरणीय दाब − निर्वात दाब

खरे तर हे एकच समीकरण आहे, कारण निर्वात दाब म्हणजे ऋण चिन्ह काढून टाकलेला गेज दाब. कंडेन्सरचा गेज दाब उणे ६६५ मिलिमीटर आहे असे म्हणा किंवा निर्वात दाब ६६५ मिलिमीटर आहे असे म्हणा, अर्थ एकच. चूक होते ती दोन्ही गोष्टी एकदम केल्यावर: ‘निर्वात दाब उणे ६६५’ असे लिहून मग वजाबाकी केली, तर उत्तर वातावरणाच्या वर जाते. म्हणून शब्द वापरला असेल तर चिन्ह वापरू नये आणि चिन्ह वापरले असेल तर शब्द वापरू नये, हे मी आग्रहाने सांगतो.

दुसरी पायरी एककांची. इथे क्रमाला महत्त्व आहे. दोन्ही वाचने पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असतील तर आधी वजाबाकी करावी आणि मगच किलोपास्कलमध्ये रूपांतर करावे. पाऱ्याच्या एका मिलिमीटरचा दाब ०.१३३३२ किलोपास्कल असतो, त्यामुळे

४५ × ०.१३३३२ = ६.०० किलोपास्कल.

हेच उलट क्रमाने केले, तर काय होते ते पाहा. बॅरोमीटरचे वाचन वरच्या गुणकाने बदलले की ९४.६६ किलोपास्कल येतात. निर्वात दाब मात्र पाऱ्याची घनता १३६०० आणि गुरुत्वीय त्वरण ९.८१ घेऊन काढला, तर ८८.७२ किलोपास्कल येतात. वजाबाकी ५.९४ येते. दोन्ही गुणक आपापल्या जागी चालण्यासारखे आहेत, त्यांच्यात फरक एक हजारांशाहूनही कमी आहे, पण दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या संख्यांची वजाबाकी केल्यामुळे तो फरक उत्तरात एक टक्क्याएवढा झाला. एकच गुणक दोन्हीकडे वापरला तरी हा दोष टळतो. पण आधी वजाबाकी करण्याची सवय अधिक सुरक्षित आहे.

तिसरी पायरी पडताळणीची. निरपेक्ष दाब वायूसाठी किंवा वाफेसाठी कधीही ऋण येऊ शकत नाही, कारण चित्रात तळाच्या खाली जागाच नाही. म्हणून निर्वात दाब हा त्या जागी, त्या वेळी असलेल्या बॅरोमीटरच्या वाचनापेक्षा मोठा असू शकत नाही. कंडेन्सरच्या बाबतीत याहून चांगली पडताळणी उपलब्ध आहे. तिथे वाफ आणि पाणी एकत्र असतात, त्यामुळे संपृक्त वाफेच्या कोष्टकातून दाबावरून तापमान मिळते. ६.०० किलोपास्कलला ते सुमारे ३६ अंश सेल्सिअस आहे. कंडेन्सरमधल्या वाफेत बसवलेला तापमापी याच्या आसपास दाखवत असेल, तर आपली वजाबाकी योग्य आहे.

७६० हा आकडा कोठून शिरतो

नवख्यांच्या वह्यांमध्ये सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे बॅरोमीटरचे वाचन दिलेले असतानाही वातावरणीय दाब ७६० मिलिमीटर धरणे. वरच्या उदाहरणात असे केले तर ७६० − ६६५ = ९५ मिलिमीटर, म्हणजे १२.६७ किलोपास्कल येतात. खऱ्या उत्तराच्या दुपटीहून अधिक! या दाबाला संपृक्त तापमान सुमारे साडेपन्नास अंश असते, आणि तापमापी ३६ अंश दाखवत असताना ही विसंगती लगेच उघड होते. ७६० मिलिमीटर ही समुद्रसपाटीची प्रमाण मानलेली किंमत आहे. सुमारे ५७० मीटर उंचीच्या ठिकाणी साधारण ७१० मिलिमीटरच वाचन मिळते. गेज त्याच्या भोवती प्रत्यक्ष असलेल्या हवेशी तुलना करतो, पुस्तकातल्या प्रमाण हवेशी नाही. म्हणून मिळवायचा किंवा ज्यातून वजा करायचा तो दाब, गेज जिथे बसवला आहे तिथला आणि वाचन घेतले त्या वेळचाच असला पाहिजे.

हीच चूक आणखी एका दाराने आत येते आणि ती ओळखायला अवघड आहे. हवामानाच्या वार्तापत्रात दाब हेक्टोपास्कलमध्ये देतात, आणि निरनिराळ्या उंचीवरच्या ठिकाणांची तुलना करता यावी म्हणून तो सहसा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो. ५७० मीटर उंचीवर प्रत्यक्ष दाब ९४६.६ हेक्टोपास्कल असला तरी वार्तापत्रात त्या ठिकाणासाठी १०१३ च्या आसपासचा आकडा दिसू शकतो. एखादा विद्यार्थी प्रामाणिकपणे ‘आजचा’ दाब शोधतो, तो वापरतो, आणि नकळत पुन्हा ७६० वर येऊन पोहोचतो. उंच ठिकाणच्या आकड्यात समुद्रसपाटीचा दाब दिसला, तर तो रूपांतरित आहे हे ओळखावे आणि प्रत्यक्ष बॅरोमीटर वाचावा.

वीजनिर्मितीशी संबंधित उदाहरणांमध्ये ‘७६० मिलिमीटर बॅरोमीटरला दुरुस्त केलेला निर्वात दाब’ असा शब्दप्रयोग येतो. वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या जागी चाललेल्या कंडेन्सरांची तुलना करता यावी म्हणून निरपेक्ष दाब तोच ठेवून, बॅरोमीटर ७६० असता तर निर्वात दाब किती दिसला असता, ते काढतात. आपल्या उदाहरणात तो ७६० − ४५ = ७१५ मिलिमीटर येतो. हा आकडा ७६० मधूनच वजा करायचा असतो, हे लक्षात न घेता कोणी तो प्रत्यक्ष बॅरोमीटरमधून वजा केला, तर ७१० − ७१५ म्हणजे उणे ५ मिलिमीटर निरपेक्ष दाब येतो. हे अशक्य आहे, आणि म्हणूनच तिसऱ्या पायरीची पडताळणी इथे उपयोगी पडते. ऋण उत्तर आले की गणित पुन्हा तपासण्याआधी, दिलेला निर्वात दाब वाचलेला आहे की दुरुस्त केलेला, हे उदाहरणाच्या शब्दांत शोधावे.

पाऱ्याच्या तापमानाची दुरुस्ती हा विषय प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे, पण वजाबाकीवर त्याचा होणारा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. पारा तापला की प्रसरण पावतो, हलका होतो आणि तोच दाब दाखवायला अधिक उंच चढतो. ३० अंश तापमानाला पितळी पट्टी असलेल्या बॅरोमीटरचे ७१० मिलिमीटर वाचन शून्य अंशाला आणले, तर ते सुमारे साडेतीन मिलिमीटरने कमी होते. कंडेन्सरचा पारास्तंभही त्याच खोलीत, त्याच तापमानाला असेल, तर त्याचे वाचनही जवळजवळ तितकेच कमी होते आणि ४५ मिलिमीटरच्या फरकावर केवळ ०.२ मिलिमीटरचा परिणाम राहतो. पण बॅरोमीटर दुरुस्त केला आणि दुसरा स्तंभ तसाच ठेवला, तर निरपेक्ष दाब ४५ ऐवजी साडेएकेचाळीस मिलिमीटर येतो, म्हणजे अर्धवट काळजीने चूक वाढते. दुरुस्ती करायची तर दोन्ही वाचनांना करावी.

वातावरणाच्या वरचा दाब

गेज दाबाच्या बाजूला रूपांतर सोपे आहे. त्याच ठिकाणच्या बंद टाकीतल्या हवेचा गेज दाब १५० किलोपास्कल असेल, तर निरपेक्ष दाब १५० + ९४.६६ = २४४.६६ किलोपास्कल. रूपांतर केव्हा अनिवार्य असते, हे मात्र सांगितले पाहिजे. वायूंच्या नियमांतला दाब, द्रवाच्या बाष्पदाबाशी तुलना करायचा दाब आणि वाफेच्या कोष्टकात शोधायचा दाब निरपेक्षच असावा लागतो, कारण वायूचे रेणू बाहेरच्या हवेचा दाब किती आहे हे पाहून वागत नाहीत. वरच्या टाकीतली हवा २७ अंशांवरून ८७ अंशांपर्यंत तापवली आणि टाकीचे आकारमान तेच राहिले, तर केल्विनमध्ये तापमान ३०० वरून ३६० होते आणि निरपेक्ष दाब १.२ पट, म्हणजे २९३.६ किलोपास्कल होतो. गेज ९४.६६ वजा करून सुमारे १९९ किलोपास्कल दाखवेल. गेज दाबालाच १.२ ने गुणले असते तर १८० आले असते, आणि टाकीच्या सुरक्षेचा हिशेब १९ किलोपास्कलने कमी पडला असता.

कंडेन्सरच्या तळाशी

उभ्या भिंतीवरचा, दारावरचा किंवा धरणाच्या झडपेवरचा बल काढताना, पाण्याचा पृष्ठभाग आणि भिंतीची दुसरी बाजू या दोन्ही ठिकाणी तीच हवा दाबत असेल, तर बॅरोमीटरची गरज उरत नाही. वातावरणीय दाब दोन्ही बाजूंनी रद्द होतो आणि गेज दाबावरच काम भागते. दोन बिंदूंमधल्या दाबाच्या फरकाचेही तसेच. पण वरचा पृष्ठभाग बंद झाला की ही सोय जाते, आणि हे दाखवायला आपला कंडेन्सरच पुरेसा आहे.

कंडेन्सरच्या तळाशी थंड झालेले पाणी साचते. त्याची खोली १ मीटर आहे असे समजू आणि घनता सोयीसाठी १००० घेऊ. पृष्ठभागावर निरपेक्ष दाब ६.०० किलोपास्कल आहे. एक मीटर खाली त्यात ९.८१ मिळवून तो १५.८१ होतो. बाहेरची हवा ९४.६६ आहे, म्हणून तळाशी निर्वात दाब ९४.६६ − १५.८१ = ७८.८५ किलोपास्कल उरतो. थेट निर्वात दाबावरून गेलो तरी तेच येते: पृष्ठभागावर ८८.६६, खाली जाताना ९.८१ ने कमी. निर्वात दाब खोलीबरोबर घटतो, कारण तो तूट मोजतो आणि पाण्याचे वजन ती तूट भरून काढत जाते. खोलीबरोबर दाब वाढतो हे पाठ असल्यामुळे अनेक जण निर्वात दाबातही ९.८१ मिळवतात आणि ९८.४७ लिहितात, तो बॅरोमीटरच्या ९४.६६ पेक्षा मोठा आहे, एवढे पाहिले तरी चूक कळते.

तळाशी अजूनही निर्वात दाब असल्यामुळे तिथे भोक पाडले तर पाणी बाहेर येणार नाही, बाहेरची हवाच आत शिरेल. पाणी आपल्या वजनाने बाहेर पडायला ८८.६६ ÷ ९.८१, म्हणजे सुमारे ९.०४ मीटरपेक्षा जास्त उंचीचा स्तंभ हवा. एवढी जागा सहसा नसते, म्हणून ते पाणी काढायला पंप बसवतात.